साडेआठ इंचांचा घोटा आणि साडेदहा इंचांचे पैंजण: माप कुठून घ्यायचं, सैल किती ठेवायचं

प्रश्न: मुलाचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. होणाऱ्या सुनेसाठी रुंद पट्टीचे चांदीचे पैंजण आणि बंद जोडवी करून घ्यायची आहेत. ती नागपूरला, मी साताऱ्याला. तिने फोनवर घोट्याचा घेर साडेआठ इंच सांगितला. सोनार म्हणतो, साडेदहाचे घ्या. दोन इंच सैल म्हणजे पायातून निघून नाही का जाणार? जोडव्याचं माप कसं घ्यायचं हे तर तिला कळतच नाही. माझ्या जावेची बंद जोडवी इतकी रुतली होती की शेवटी कापून काढावी लागली. तसं व्हायला नको.

उत्तर:

ताई, तुमची सूनही बरोबर आहे आणि सोनारही बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे. ती पाय मोजते आहे आणि तो दागिना मोजतो आहे. मधल्या दोन इंचांतला मोठा भाग सैलपणाचा नाहीच. तो कुठे जातो ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःलाच हिशेब करता येईल.

घोट्याचा घेर मोजा म्हटलं की बहुतेकजणी पलंगावर बसतात, पाय पुढे घेतात आणि घोट्याच्या हाडाच्या वर, नडगी संपते तिथे टेप गुंडाळतात. ती पायाची सगळ्यात बारीक जागा. तिथे टेप छान बसतो, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. पण पैंजण तिथे राहत नाही. त्याला वजन असतं, तो घसरून खाली येतो आणि दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकतो. मागे टाचेच्या वरच्या जाड शिरेवर आणि पुढे पाऊल नि नडगी मिळतात त्या खळगीत, जरा उतरता बसतो. आतलं हाड थोडं वर असतं आणि बाहेरचं खाली, त्यामुळे हा घेर सरळ आडवा नसून तिरका असतो. आपल्याला हा तिरका घेर हवा. वरच्या बारीक जागेपेक्षा तो सहज दोन-अडीच सेंटीमीटरनी जास्त भरतो. सडपातळ पायात तर हाडं जास्त वर आलेली असतात, तिथे फरक आणखी मोठा निघतो.

दुसरी गोष्ट, हा घेर स्थिर नसतो. उकिडवं बसलं की नडगी पावलावर झुकते, पुढच्या शिरा ताणून वर येतात, कातडीला घडी पडते आणि पुढच्या बाजूला फुगवटा येतो. जिना चढताना, भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना, पूजेला पाटावर बसून उठताना हेच होतं. बहुतेक पायांत यामुळे अर्धा ते पाऊण सेंटीमीटर वाढतो. शिवाय दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पाय किंचित सुजतात, उन्हाळ्यात जास्तच. नागपूरचा उन्हाळा असेल तर हे विशेष लक्षात घ्या. म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहून घ्यायचं, आणि तोच टेप तसाच ठेवून उकिडवं बसून परत वाचायचं. दोनांपैकी मोठा आकडा धरायचा. मोजायला दुसरं माणूस लागतं, कारण स्वतः वाकून वाचलं की वजन एका पायावर जातं.

टेप शिवणकामाचा चालतो, पण जुना असेल तर आधी स्टीलच्या पट्टीला लावून पाहावा. वापरून वापरून तो ताणलेला असतो. दोऱ्याने मात्र माप घेऊ नये. तो कातडीत रुततो, उचलताना लांबतो, आणि मग त्या मापात कुठला घेर आला हे कुणालाच सांगता येत नाही. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली तर ती उत्तम. ती ताणली जात नाही, आणि जिथे टोकं मिळतात तिथे पेनाने रेघ मारता येते.

आता दागिन्याकडे येतो. पैंजण दुकानात सपाट ठेवून मोजतात, अडकवायच्या आकड्याच्या टोकापासून शेवटच्या कडीपर्यंत. इथेच एक गोम आहे आणि ती बऱ्याच विक्रेत्यांनाही सांगता येत नाही. जाड साखळी सरळ पसरली तर साडेदहा इंच भरते. तीच पायाभोवती वळवली की तिचा बाहेरचा काठ फाकतो आणि आतला आवळतो. पायाला लागतो तो आतला काठ. साखळीचे सांधे जाडीच्या मध्यावर असतील तर आतला घेर साधारण जाडीच्या ३.१४ पट कमी होतो. दीड मिलिमीटरच्या बारीक साखळीत ही घट अर्ध्या सेंटीमीटरच्या आतच राहते, ती कुणाला जाणवत नाही. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत मात्र ती ११ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. म्हणून ‘मला दहाचाच होतो’ म्हणणारी बाई बारीक साखळीच्या अनुभवावरून भरीव पैंजण दहाचा घेते, आणि घरी आल्यावर तो पायात अडकतच नाही.

काही नमुन्यांत कड्या पट्टीच्या पाठीला, म्हणजे पायाकडच्या बाजूला डाकलेल्या असतात. तिथे ही घट फार कमी होते. नमुना पाहून ठरवता येत नसेल तर सोपा उपाय म्हणजे आकडा लावून पैंजण टेबलावर गोल उभा करायचा, आतल्या भिंतीला चिकटवून कागदाची पट्टी फिरवायची आणि ती पट्टी मोजायची. तो खरा आतला घेर. दोन्ही पैंजणांचा वेगवेगळा पाहावा, हाती केलेल्या कामात जोडीतही थोडा फरक निघतो.

तुमचाच हिशेब मांडून दाखवतो. साडेआठ इंच म्हणजे २१.६ सेंटीमीटर. हा वरच्या बारीक जागेचा घेर असावा असं मी धरतो. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, सुनेने नीट मोजले की ते बदलून घ्या. हाडांवरून तिरका घेर, उभं राहून, समजा २४ सेंटीमीटर आला. उकिडवं बसून तो २४.६ झाला. यात हालचालीसाठी एक सेंटीमीटर मिळवू, झाले २५.६. पायाला आतून एवढी जागा हवी. बारीक साखळी असती तर सव्वादहा इंचांची (२६ सेंटीमीटर) चालली असती. पण तुम्हाला हवी आहे भरीव पट्टी. तिची जाडी साडेतीन मिलिमीटर असेल तर वळणात जाणारे ११ मिलिमीटर परत मिळवावे लागतील. बेरीज २६.७ सेंटीमीटर. साडेदहा इंच म्हणजे नेमके तेवढेच. सोनाराने बहुधा हा हिशेब कागदावर केला नसेल, पण रोजच्या सवयीने त्याचा आकडा बरोबर आला. दोन इंचांत खरा मोकळेपणा एक सेंटीमीटरचाच आहे, बाकी पायाचा आकार आणि धातूची जाडी.

एक सेंटीमीटर हा आकडा मी साधारण पट्टीसाठी धरला. पट्टी दीड सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल तर अर्धा सेंटीमीटर आणखी लागतो. रुंद पट्टी पायाच्या एकाच घेरावर बसत नाही. तिचा वरचा काठ बारीक जागेवर असतो आणि खालचा हाडांवर. चालताना पाऊल वर उचललं की खालचा काठ पुढच्या खळगीत टोचतो. बाईला वाटतं पैंजण घट्ट आहे, पण वरच्या काठाखाली बोट सहज जातं. अशा वेळी लांबी वाढवून फार फरक पडत नाही. पट्टीच अरुंद घ्यावी, किंवा पुढच्या भागात कड्या जास्त आणि पाकळ्या लहान असा लवचिक नमुना घ्यावा. रोज घालायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे. रुंदी एक सेंटीमीटरच्या आत ठेवा, रुंद पट्टी सणासमारंभाला राहू द्या. लग्नात फोटोत उठून दिसणारे पैंजण दुसऱ्या महिन्यात कपाटात जातात, ते बहुतेक याच कारणाने.

निघून जाईल का, ही तुमची भीती. टाच आणि पावलाचा उंचवटा मिळून जो घेर होतो तो घोट्यापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे आकडा लागलेला पैंजण पायातून पूर्ण उतरत नाही. सैल पैंजणाचा त्रास वेगळा असतो. तो मागून टाचेवर लोंबतो, चपलेच्या पट्ट्यात किंवा साडीच्या फॉलमध्ये अडकतो. चालताना एका पायाचा दुसऱ्याला लागतो, आणि फिरत फिरत आकडा पुढे येतो. तपासायचं असं: उभं राहून मागची बाजू बोटाने खाली ओढायची. टाचेचा फुगवटा सुरू होतो तिथे ती थांबली पाहिजे. तळव्याच्या कडेपर्यंत गेली तर एक-दोन कड्या काढायला हव्यात. मग उकिडवं बसून पुढच्या खळगीत करंगळी घालून पाहायची. ती न दाबता गेली पाहिजे. उभं असताना दोन बोटं जातात हे पुरेसं नाही, कारण उभ्या पायात पुढची बाजू नेहमीच मोकळी असते.

दोन्ही पाय सारखे नसतात. तीन-चार मिलिमीटरचा फरक अगदी नेहमीचा आहे. जोडी मोठ्या पायाच्या मापाची करायची आणि दोन्हींच्या टोकाला दोन-तीन कड्या जास्त लावून घ्यायच्या, म्हणजे लहान पायाचा आकडा एक कडी आत अडकवता येतो. या जादा कड्या मागताना संकोच करू नका, वजनात त्या नगण्य असतात. पाकळ्यांच्या नमुन्याचे पैंजण नंतर कमी-जास्त करताना अख्खी पाकळी काढावी किंवा घालावी लागते. पाकळी दीड सेंटीमीटरची असेल तर अर्धा इंच बदल म्हणजे एक पाकळी, पण पाव इंच बदल जमतच नाही. तेवढी कसर या कड्यांनीच निघते. घुंगरू लावणार असाल तर ते बाहेरच्या अंगाला नि खालच्या काठाला असू द्या. दोन्ही पाय जवळून जातात त्या आतल्या बाजूला टपोरे घुंगरू असले की घोट्याचं हाड सोलवटतं.

आता जोडवी. इथे चुकायला जागा कमी असते, कारण बंद जोडव्याला आकडाही नाही आणि कड्याही नाहीत.

अंगठ्याशेजारच्या बोटाकडे नीट पाहिलं तर ते हाताच्या बोटासारखं सरळ नसतं. मुळाशी बारीक, मध्ये सांध्याजवळ जाड आणि टोकाला गादीसारखं फुगलेलं. बंद जोडवं या जाड भागावरून जायला हवं आणि मुळाशी येऊन बसायला हवं. म्हणजे माप एक नसून दोन आहेत. फक्त मुळाशी मोजून केलेलं जोडवं चढतच नाही. साबण लावून, दाबून चढवलंच तर लग्नाच्या धावपळीत पाय सुजल्यावर रुतून बसतं. तुमच्या जावेच्या बाबतीत हेच झालं असेल, किंवा घातलं तेव्हा बरोबर असेल आणि पुढे बोट जाड झालं असेल. वर्षानुवर्षं न काढलेल्या जोडव्यांत दुसरं कारण जास्त दिसतं.

मोजायला कागदाची पट्टी घ्या, साधारण चार-पाच मिलिमीटर रुंद, म्हणजे जोडवं जेवढं रुंद होणार आहे तेवढीच. पायावर वजन देऊन उभं राहायचं, कारण वजन आलं की बोटाची गादी पसरते. दुसऱ्या माणसाने पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळायची, दोन बोटांमधल्या कातडीला लागेल इतकी आत, न आवळता. रेघ मारायची. मग दुसरी पट्टी बोटाच्या सगळ्यात जाड जागी गुंडाळायची. ती जागा कधी सांधा असतो, कधी टोकाची गादी, म्हणून दोन्हीकडे पाहून मोठं घ्यायचं. प्रत्येक माप तीनदा घ्या. तीनही वेळा एक मिलिमीटरच्या आत आलं तर हात बरोबर बसलाय. दोन्ही पायांची बोटं वेगळी मोजा, आणि पट्ट्यांवर डावा, उजवा, मूळ, जाड असं तिथेच लिहा. नंतर आठवत नाही.

हिशेब असा करतो. मुळाच्या घेरात दोन ते तीन मिलिमीटर मिळवायचे. जाड जागेच्या घेरातून एक मिलिमीटर वजा करायचा, कारण गादी दबते आणि सांध्यावरची कातडी सरकते. या दोन आकड्यांपैकी मोठा तो जोडव्याचा आतला घेर. समजा सुनेचं बोट मुळाशी ४३ मिलिमीटर आणि जाड जागी ४७ आलं. पहिला आकडा ४५.५, दुसरा ४६. म्हणजे घेर ४६ मिलिमीटर, त्याला ३.१४ ने भागलं की आतला व्यास १४.६ मिलिमीटर. आपल्याकडच्या अंगठीच्या क्रमांकात ४० मिळवले की आतला घेर ढोबळमानाने मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे हे ६ नंबरचं जोडवं झालं. तरी सोनाराला नंबरापेक्षा व्यास लिहून द्या. मापाच्या रिंगांचे जुडगे दुकानागणिक थोडे वेगळे असतात, व्यासात वाद होत नाही.

मूळ आणि जाड जागा यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बंद जोडव्याचा आग्रह सोडावा. ते चढेल एवढं मोठं केलं तर मुळाशी गरगर फिरेल, नक्षी खाली जाईल आणि चालताना शेजारच्या बोटावर आपटेल. अशा बोटाला वेढ्याचं जोडवं किंवा खालून फट असलेलं जोडवं बरं. फट ठेवायची तर दोन-तीन मिलिमीटरची, बरोबर बोटाच्या खाली, आणि तिची टोकं गोल घासून घेतलेली. टोकं एकमेकांना जवळजवळ टेकली असतील तर चालताना मधली कातडी चिमटते. फट आहे म्हणून रोज फाकवून काढू-घालू मात्र नये. चांदी वारंवार वाकवली की कडक होत जाते आणि एक दिवस मागच्या बाजूला तडकते.

घेर बरोबर असूनही जोडवं टोचतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायका खूप. कारण जवळजवळ नेहमी खालच्या बाजूला सापडतं. वरून पाहिलं तर बोटाच्या मुळापासून सांध्यापर्यंत चांगली ऐसपैस जागा दिसते. म्हणून जाड, तीन वेढ्यांची, नक्षीदार जोडवी तिथे शोभतात. पण तळव्याकडून बोट पाहा. तिथे तळव्याचा उंचवटा संपतो आणि लगेच बोटाची गादी सुरू होते, मध्ये फक्त एक अरुंद खाच असते. चालताना टाच उचलली की बोटं मुळातून वर वाकतात आणि त्या खाचेत जे काही असेल त्यावर प्रत्येक पावलाला भार येतो. म्हणून जोडवं वर हवं तेवढं रुंद असू द्या, खाली ते निमुळतं होऊन तीन-चार मिलिमीटरवर यायला हवं. आतली बाजू सपाट नि कडा मारलेल्या असाव्यात. खालून भरीव गोल तार असलेलं जोडवं जमिनीवरच्या खड्यासारखं लागतं.

सुनेला हे आधी तपासता येतं. तिने अनवाणी चवड्यांवर उभं राहावं आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगावा. बोटं किती वाकतात आणि खाच किती मिटते ते त्यात दिसतं. ज्यांची बोटं लांबट आहेत त्यांना खाली थोडी जास्त जागा मिळते. आखूड, भरदार बोटांना दोन वेढ्यांच्या पुढे जाऊ नये, मग सासरी पद्धत तीन वेढ्यांची का असेना. वाटल्यास वरची नक्षी मोठी करा.

शेजारच्या बोटाचाही विचार करावा लागतो. अंगठा आणि दुसरं बोट एकमेकांना चिकटलेली असतील, म्हणजे उभं असताना मधून पोस्टकार्डही जात नसेल, तर जोडव्याच्या बाजू पातळ हव्यात, दीड मिलिमीटरच्या आसपास. जाड बाजू दोन्ही बोटांत रुततात, आणि बंद बूट घातले की दुप्पट रुततात. सून नोकरीला बूट घालून जाणार असेल तर हे मापाइतकंच महत्त्वाचं आहे. ते तिलाच विचारा, कुठली पादत्राणं रोजची आहेत म्हणून. साडीवरच्या चपलेत बसलेलं जोडवं बुटात बसतंच असं नाही.

जोडवं सतत पायात राहणार असेल तर पहिल्या आठवड्यात रोज रात्री ते वर सरकवून खालची कातडी पाहायची. फिकट रेघ पडते आणि दहा-पंधरा मिनिटांत जाते, ते ठीक. रेघ सकाळपर्यंत राहिली, कातडी पांढरी पडून ओलसर झाली किंवा सोलली, तर माप किंवा खालची रुंदी चुकली आहे. बोट सुन्न होणं किंवा निळसर दिसणं म्हणजे त्याच क्षणी काढायचं. पाय उंच धरून थंड पाण्याने सूज उतरवायची, साबण किंवा तेल लावून फिरवत काढायचं. नाहीच निघालं तर कापायचं. साधं चांदीचं जोडवं सोनाराकडे पटकन कापलं जातं आणि परत डाकताही येतं, त्यात अपशकुन मानून वेळ घालवू नये. काळा डाग मात्र घट्टपणाची खूण नाही. घामाने चांदी काळवंडते आणि तो काळेपणा कातडीला लागतो, एवढंच. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी बंद जोडवं घालूच नये, कारण त्यांना रुतलेलं कळत नाही. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत पाय सुजतात, तेव्हा ती आधीच काढून ठेवावीत.

नागपूर आणि साताऱ्यातल्या अंतराचं काय करायचं, ते आता. सुनेने चारही कागदाच्या पट्ट्या, नावं लिहून, पाकिटात घालून पाठवाव्यात. फोनवर सांगितलेला आकडा आणि फोटोत दिसणारी पट्टी यांवर मी तरी बंद जोडवं करायला घेणार नाही. पट्ट्या आल्या की सोनाराला त्या मापाच्या तांब्याच्या तारेच्या दोन साध्या रिंगा करायला सांगा. जाडी आणि खालची रुंदी खऱ्या जोडव्याएवढीच. खर्च किरकोळ येतो. त्या सुनेला पाठवा आणि तिने एक पूर्ण दिवस, तिच्या रोजच्या बुटांत किंवा चपलांत, घालून पाहावं. संध्याकाळी रिंग साबणाशिवाय, थोडी फिरवत निघाली आणि चालताना आपणहून सरकली नाही, तर तेच माप पक्कं. साबण लागला तर घेर एक मिलिमीटर वाढवा. पैंजणासाठी तिने साडेतीन मिलिमीटर जाडीची सुती दोरी साडेदहा इंच कापून, टोकं समोरासमोर आणून वरून चिकटपट्टीने जोडावी आणि पायात असताना उकिडवं बसून पाहावं. दोरीलाही जाडी असल्याने वळणातली घट तिथे आपोआप येते.

मीनाकारी किंवा खडे असलेली जोडवी घेणार असाल तर ही चाचणी केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. साधं बंद जोडवं नंतर काठीवर ठोकून अर्धा-एक नंबर वाढवता येतं, कापून डाकून लहान करता येतं. मीना मात्र डाकताना आचेने बिघडतो आणि खडे ठोकल्यावर सैल होतात. वेढ्याच्या जोडव्याला ही अडचण नाही, वेढे किंचित उलगडले की झालं. त्यामुळे पहिली जोडी वेढ्याची किंवा साध्या घडणीची करा. मीन्याची हौस वर्षभराने, माप अंगवळणी पडल्यावर भागवता येईल.